पहिल्या ओळीत झुरळ

आयुष्याची चौतीस वर्षे जिल्हाधिकारी कचेरीत टिप्पण्या लिहिण्यात, आणि त्यांतली अखेरची अकरा अव्वल कारकुनाच्या खुर्चीत घालवून मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा यापुढे कोणाचाही खुलासा आपल्या हातून लिहिला जाणार नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. खुलासा हा वाङ्मयप्रकार मला वश होता असे म्हटले तर ती आत्मप्रौढी ठरू नये. विधानसभेत तारांकित प्रश्न उपस्थित झाला की तो मंत्रालयाच्या पायऱ्या उतरत उतरत शेवटी आमच्या टेबलावर येऊन विसावत असे. त्यात ‘हे खरे आहे काय’ असा सरळ सवाल असे, आणि त्याला ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर देऊन पुढच्या पोटप्रश्नांची ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांत वासलात लावण्यात माझा हात धरणारा साऱ्या कचेरीत कोणी नव्हता. म्हणूनच आमच्या पेठेतल्या त्या उपाहारगृहाचे मालक आषाढातल्या एका सोमवारी सकाळी, दाढी न करता, माझ्या दारात उभे राहिले आणि “साहेब, एक माफीनामा खरडून द्या” म्हणाले, तेव्हा निवृत्तीनंतर प्रथमच कोणीतरी आपल्या विद्येची कदर केली, या भावनेने माझा ऊर भरून आला. चहा न घेताच मी चष्मा आणि झरणी घेऊन बाहेर पडलो.

घडले होते ते असे. आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, ऐन गर्दीच्या वेळी, एक बाई हात धुण्यासाठी आत गेल्या. भटारखान्याचे दार कांद्याचे पोते अडकवून उघडे ठेवलेले असते, हे वीस वर्षे तिथे खाणाऱ्या आम्हा सर्वांना ठाऊक होते. परंतु आमच्यापैकी कोणी आत डोकावून पाहण्याचा अविचार केला नव्हता. बाईंनी तो केला, आणि वर मोबाइल काढून सतरा सेकंदांचे चित्रण केले. पहिल्या नऊ सेकंदांत टेबले पुसणारा पोऱ्या खांद्यावरच्या फडक्याने ओट्याची कड पुसतो, त्याच फडक्याने एक धुतलेली थाळी कोरडी करतो आणि ती थाळी इतर थाळ्यांच्या उतरंडीवर ठेवून देतो. उरलेल्या आठ सेकंदांत डोशाच्या पिठाच्या पातेल्याच्या काठावरून एक लहानसे, तपकिरी झुरळ, मिशा हलवीत, संध्याकाळी पर्वतीवर फिरायला निघालेल्या पेन्शनराच्या निवांतपणे चाललेले दिसते. रात्रीपर्यंत ते चित्रण साऱ्या गावाने पाहिले. मला ते नागपूरच्या भाच्याकडून, ज्येष्ठ नागरिक संघाकडून आणि खुद्द त्याच उपाहारगृहात दररोज माझ्या समोरच्या बाकड्यावर बसणाऱ्या स्नेह्याकडून, असे तीन वेळा आले; तिसऱ्या वेळी खाली ‘आपलेच’ एवढा एकच शब्द लिहिलेला होता.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. सांबाराच्या वाफेने माझा चष्मा धुकट झाला की तोच पोऱ्या मोठ्या अगत्याने तो माझ्या हातातून घेई आणि त्याच फडक्याने पुसून परत देई. मी त्याला ‘शाबास’ म्हणत असे. तेव्हा या प्रकरणात मी अगदीच तटस्थ पंच होतो, असे मला म्हणवत नाही.

उपाहारगृहाचे दार अर्धे ओढून घेतलेले होते. आत गल्ल्याजवळ मालकांची कन्या बसली होती. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यापासून गल्ला आणि मोबाइलवरचे खाते अशी दोन्ही दप्तरे तीच सांभाळते. आदल्या रात्री, वडील झोपल्यावर, तिने स्वतःच्या अखत्यारीत तीन वाक्ये प्रसिद्ध केली होती: ‘हा व्हिडिओ आमच्याच भटारखान्यातला आहे. उद्यापासून हॉटेल बंद ठेवत आहोत. काय केले ते गुरुवारी इथेच लिहू.’ वडिलांच्या मते हा घरभेदीपणा होता. त्यांनी रात्री वहीच्या पाठकोऱ्या पानावर स्वतःचा खर्डा तयार केला होता, आणि मी त्यावर केवळ संस्कार करावेत, अशी त्यांची अपेक्षा होती.

खर्ड्याचा आरंभ १९८० च्या सुमारास त्यांच्या तीर्थरूपांनी दोन टेबलांवर हा धंदा कसा सुरू केला, इथून होत होता. पहिले पान संपेपर्यंत तीर्थरूप हयात होते. दुसऱ्या पानावर काही समाजकंटकांनी व्यावसायिक स्पर्धेतून बदनामीचा घाट घातल्याचे सूचित करून, ‘पावसाळ्यात शेजारच्या गटारातून एखादा कीटक येणे हे कोणाच्याच हाती नसते’ असा नैसर्गिक आपत्तीचा मुद्दा मांडला होता; नंतर ‘संबंधित कर्मचाऱ्यास तत्काळ कामावरून कमी करण्यात आले आहे’ ही मर्दुमकी होती, आणि सर्वांत शेवटी ‘तरीही जर कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत’ असा समारोप होता. या ‘जर’ने मी क्षणभर थक्क झालो. भावना दुखावण्याची भाषा नाटकांच्या आणि पुतळ्यांच्या बाबतीत ठीक आहे. परंतु पिठाच्या पातेल्यावर झुरळ पाहणाऱ्या माणसाच्या भावना शाबूत असतात, ढवळून निघते ते पोट, आणि त्याबद्दल खर्ड्यात चकार शब्द नव्हता.

“हे चालायचं नाही,” असे म्हणून मी झरणी उघडली आणि सवयीने, एका बैठकीत, पुढील मजकूर उतरविला: ‘सदर उपाहारगृहाच्या भटारखान्यात काही अंशी अस्वच्छता असल्याचे निदर्शनास आल्याचे समजते. त्याबाबत उचित ती कार्यवाही करण्यात येत असून, ग्राहकांना झालेल्या गैरसोयीबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे.’ मालकांना तो अतिशय आवडला. त्यांनी तो दोनदा मोठ्याने वाचला आणि दुसऱ्या वेळी त्यांच्या आवाजात मामलेदाराचा रुबाब उतरला.

कन्येने कागद हातात घेतला, उलटून मागची बाजूही पाहिली, आणि विचारले, “काका, यात झुरळ कुठंय?”

मी म्हणालो की ते ‘अस्वच्छता’ या शब्दात अध्याहृत आहे.

“आणि ‘निदर्शनास आल्याचे समजते’ म्हणजे? कोणाच्या निदर्शनास आलं, आणि कोणाला समजलं? सगळ्या गावानं बघितलंय. ते आपल्यालाच तेवढं ऐकीव आहे का?”

चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणत्याही वरिष्ठाने विचारला नव्हता. कर्मणी प्रयोगाची हीच तर सारी खुमारी आहे. त्यात कृत्य घडते आणि कर्ता घरी असतो. ‘करण्यात येत आहे’ म्हटले की कोण करते, केव्हा करते आणि करते की नाही, हे तिन्ही सवाल आपोआप निकालात निघतात. दिलगिरीचीही तीच गोष्ट. फारसीतून आलेला हा शब्द मोठा खानदानी आहे; त्याचा मूळ अर्थ मन खिन्न होणे एवढाच, आणि खिन्न तर माणूस शेजाऱ्याच्या चुकीनेही होतो. म्हणूनच रस्ता खोदणारे खाते, गाडी उशिरा सोडणारा आगारप्रमुख आणि पाणी तोडणारी नगरपालिका हे सगळे सदैव दिलगीर असतात, पण माफी त्यांच्यापैकी कोणीही मागत नाही. कारण माफी मागायची तर आधी चूक आपल्या पदरात घ्यावी लागते. हे मी त्या मुलीला समजावून सांगत असताना माझ्या ध्यानात आले की मी तिचीच बाजू मांडतो आहे, आणि मी थांबलो.

शिवाय, तिने मला एक तांत्रिक गोष्ट दाखविली. चित्राखाली लिहिलेल्या मजकुराच्या, ज्याला ही मंडळी कॅप्शन म्हणतात, त्याच्या सुरुवातीच्या एकदोन ओळीच वाचणाऱ्यास दिसतात. बाकीचा मजकूर घडी घालून ठेवलेला असतो आणि बोट लावल्याखेरीज उलगडत नाही. मर्यादाही आहे, २२०० अक्षरांची; म्हणजे मालकांचे तीर्थरूप १९८५ पर्यंतसुद्धा पोहोचले नसते. “म्हणून,” ती म्हणाली, “पहिल्या ओळीतच झुरळ आलं पाहिजे.”

“पहिल्या ओळीत झुरळ?” मालक खुर्चीतून अर्धे उठले. “अगं, पहिल्या ओळीत आपण आजवर ‘श्री’ लिहीत आलोय!”

शेवटी तोडगा असा निघाला की वाक्ये मी लिहावीत, पण प्रत्येक वाक्याला कर्ता असावा, जमेल तिथे तारीख असावी, आणि वाक्य खरे असल्याची खातरजमा झाल्याखेरीज ते पक्के करू नये. अट ऐकायला सोपी वाटली. मी मान्य केली. आणि जो मजकूर अर्ध्या तासात हातावेगळा व्हायचा त्याला चार दिवस लागले, कारण वाक्य लिहावे आणि ते खोटे निघावे, असा प्रकार सुरू झाला.

पहिलेच वाक्य मी लिहिले: ‘आमच्याकडे दर महिन्याला नियमितपणे पेस्ट कंट्रोल होते.’ पावत्यांची चळत मालकांनी समोर आणून ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एक गृहस्थ पाठीवर टाकी घेऊन येत आणि सर्वत्र फवारा मारून सही घेऊन जात. त्याच दुपारी कन्येने बोलावलेला दुसरा एक तरुण आला. त्याच्याजवळ टाकी नव्हती. एक विजेरी होती आणि खिशात एक जुनेपुराणे व्हिजिटिंग कार्ड. त्याने आधी ते चित्रण तीनदा पाहिले, आणि झुरळाकडे पाहून, पंचनाम्यात ओळख पटविणाऱ्या साक्षीदाराच्या स्वरात म्हणाला, “हे गटारातलं नाही.”

त्याचे म्हणणे असे की गटारातून येणारे झुरळ मोठे, तांबूस आणि बोटाच्या दोन पेरांएवढे असते. हे लहान, जेमतेम अर्ध्या इंचाचे, फिक्या तपकिरी रंगाचे आणि डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेले. याला जर्मन झुरळ म्हणतात, आणि हे बाहेर राहतच नाही. हे खोक्यांतून, पोत्यांतून येते आणि माणसाच्या स्वयंपाकघरातच, उबेच्या आणि ओलाव्याच्या जागी, पिढ्यान्‌पिढ्या नांदते. पावसाळा, शेजारी आणि नगरपालिका हे मालकांचे तिन्ही आरोपी एका वाक्यात निर्दोष सुटले. मग त्याने फ्रिजच्या दाराचे रबर एका टोकाने उचलले आणि त्याच्या घडीतून ते कार्ड ओढत नेले. कार्डावर काळे, बारीक कण जमले.

“मिरपूड आहे ती,” मालक म्हणाले.

“विष्ठा आहे,” तो म्हणाला, आणि कार्ड वर्तमानपत्रावर झटकून पुढच्या घडीकडे वळला.

ओला मसाला वाटायच्या यंत्राची बैठक उलटी केली, तेव्हा आत जे दिसले त्याचे वर्णन, हा लेख कोणी जेवताना वाचत असेल या शंकेने, मी टाळतो. दिवसाढवळ्या एक झुरळ उघड्यावर फिरताना दिसले, याचाच अर्थ आत जागा पुरेनाशी झाली आहे, हे त्याने आम्हांला समजावून दिले. बिऱ्हाडे वाढली की धाकट्यांना ओसरीवर झोपावे लागते, तसे. आणि महिन्याच्या फवाऱ्याचे म्हणाल तर त्याने दर्शनी चार झुरळे मरत आणि उरलेली आणखी खोल फटीत शिरत. मादी तीसचाळीस अंड्यांची डबी पोटाशी धरून हिंडते आणि ती फुटण्याच्या बेताला आली की टाकते. त्या डबीला फवारा लागत नाही. म्हणजे पहिल्या मंगळवारचे गृहस्थ सही घेऊन दाराबाहेर पडत, आणि पुढच्या मंगळवारपर्यंत नवी पिढी त्यांच्या स्वागताला तयार होई.

त्याचा उपचार अगदी निराळा होता. बिजागऱ्यांत, फटींत, मोटारीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढे औषधी जेलचे ठिपके लावायचे. झुरळे ते खातात, आपल्या गोतावळ्यात परत जाऊन मरतात, आणि त्यांना व त्यांच्या विष्ठेला खाऊन इतरही मरतात. जेल लावल्यावर तिथे फवारा मारायचा नाही, कारण वास आला की ती त्या आमिषाला तोंड लावत नाहीत. रात्री ओटा कोरडा आणि शेगडीखालची जागा तेलकटपणाविना पाहिजे. पोटभर जेवण शेजारीच मांडलेले असताना औषध कोण खाईल? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चिकट सापळे. ते झुरळे मारण्यासाठी नसून मोजण्यासाठी असतात. त्याने बारा ठिकाणी बारा सापळे मांडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी स्वतः चष्मा लावून शिरगणती केली. एकसष्ट.

‘पेस्ट कंट्रोल करून घेतले’ हे वाक्य मी त्या सकाळी खोडले. ते खोटे नव्हते. परंतु अंड्यांतून निघणाऱ्या पिढीसाठी पंधरा दिवसांनी दुसरा हप्ता लावल्याखेरीज ते पुरते खरेही नव्हते, आणि ‘अंशतः खरे’ हा माझा जुना आश्रय आता बंद झाला होता. एकसष्ट हा आकडा जाहीर करावा की नाही यावर बापलेकीत जी झटापट झाली ती तासभर चालली. मालकांचे म्हणणे, आपल्या घरची मोजदाद चव्हाट्यावर का मांडायची? कन्येचे म्हणणे असे की आज एकसष्ट सांगितले तरच पुढे दोन सांगण्यात काही अर्थ राहील. मी मत दिले नाही. परंतु सरकारी नोकरीत मी टंचाईचे, साथीचे आणि अतिवृष्टीचे हजारो आकडे वर पाठविले, त्यांतला एकही आकडा पाठविणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा नव्हता, हे मला त्या वेळी का आठवावे?

आता फडक्याचे प्रकरण. ‘संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले’ हे मालकांचे आवडते वाक्य होते, आणि खरे सांगायचे तर मलाही त्यात वावगे वाटले नव्हते. कोणत्याही चौकशीचा शेवट शिपायाच्या निलंबनाने व्हावा, ही आमच्या कचेरीची सनातन रीत. पोऱ्या मोरीजवळ उकिडवा बसून हे सारे ऐकत होता. कन्येने वडिलांना विचारले, “बाबा, आपण याला दिवसाला फडकी किती देतो?”

मालक विचारात पडले. टेबले चौदा. फडकी तीन, दोन टेबलांना आणि एक आत. पैकी एक मागच्या महिन्यात भट्टीवर जळाले होते. रात्री ती साबणाच्या पाण्यात बुचकळून फ्रिजच्या पाठीवर वाळत टाकली जात. म्हणजे जिथे जर्मन वसाहत होती, नेमकी तिथेच. मी ते फडके हातात घेतले नाही, पण जवळून पाहिले. एके काळी ते चौकड्यांचे असावे. आता त्याला स्वतःचा असा एक करडा रंग आणि उसाच्या चिपाडासारखा ताठपणा आला होता. एका कोपऱ्यात सांबाराची हळद, मध्यभागी काजळी, आणि उरलेल्या भागात बहुधा माझा चष्मा. ओल्या फडक्यात जंतू किती झपाट्याने वाढतात आणि ते पुसणे म्हणजे एका टेबलावरचे दुसऱ्या टेबलावर सारवणे कसे असते, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज उरली नव्हती. चौदा टेबलांना दोन फडकी देऊन ती स्वच्छ राहावीत, अशी अपेक्षा त्या पोराकडून करणारा माणूस गल्ल्यावर बसलेला होता. हे वाक्य कन्येने उच्चारले नाही, पण ते खोलीत सर्वांना ऐकू आले. पोऱ्या कामावर राहिला.

साठ फडकी आली. हिरवी टेबलांची, निळी ओट्याची, पिवळी जमिनीजवळची. भांडी मात्र कोणत्याही फडक्याने पुसायची नाहीत, जाळीवर निथळू द्यायची. वापरलेली फडकी आधी साबणाने धुऊन मगच क्लोरीनच्या पाण्यात टाकायची, कारण मळ असला की क्लोरीन मळाशी झगडण्यातच संपून जाते आणि जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. बाजारातले पाच टक्क्यांचे द्रावण दहा लिटरच्या बादलीत वीस मिलिलिटर; हे माप कन्येने खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर खूण करून पोऱ्याच्या स्वाधीन केले. त्याने ते टोपण खिशात ठेवले आणि त्यानंतर तो काहीसा कंपाउंडरासारखा वागू लागला.

मंगळवारी अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी येऊन गेले, आणि पाठोपाठ नोटीस आली. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधल्या कलम ३२ खालची ही सुधारणा नोटीस मी मोठ्या आदराने वाचली. काय चुकले, काय करायचे आणि किती मुदतीत, हे तिच्यात मुद्देसूद होते. ही मुदत चौदा दिवसांपेक्षा कमी असू शकत नाही. मालकांना यात आशेचा किरण दिसला. “म्हणजे परवाना रद्द नाही केला. मग लिहा की, ‘शासकीय तपासणीत परवाना कायम’!” वाक्य शब्दशः खरे होते. असली शब्दशः खरी वाक्ये मी आयुष्यभर लिहिली असल्यामुळे ती किती दूरवर नेऊन सोडतात, हे मला पक्के ठाऊक होते; म्हणून मी स्वतःच ते खोडले आणि ‘आम्हांला नोटीस आली आहे’ असे लिहिले. कर्त्यासह. मला त्यानंतर थोडे पाणी प्यावे लागले.

वैद्यकीय दाखल्यांचेही तसेच झाले. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा तपासणी आणि विषमज्वरासारख्या आजारांची लस नियमाने लागते. दाखले अकराच्या अकरा होते, एकाच तारखेचे. फक्त अकराही जणांचा रक्तदाब आणि वजन एकच होते. अधिक लिहीत नाही. बुधवारी सगळे पुन्हा तपासून घेतले.

एवढे झाल्यावर मालकांनी शेवटचा प्रयत्न म्हणून ‘माफी२०’ हा शब्द सांगणाऱ्यास वीस टक्के सूट द्यावी, अशी सूचना मांडली, आणि चित्रण करणाऱ्या बाईंना सहकुटुंब जेवायला बोलावून चित्रण काढून टाकण्याची विनंती करावी, अशीही. लेकीने दोन्ही सूचना दप्तरी दाखल केल्या. बाईंना तिने फोन केला, माफी मागितली, बिलाचे पैसे परत पाठविले आणि फोन ठेवला. चित्रणाचा विषय तिने काढला नाही.

गुरुवारी सकाळी प्रसिद्ध झालेला मजकूर असा होता:

‘आमच्या डोशाच्या पिठाच्या पातेल्यावर झुरळ होते, आणि टेबल पुसायच्या फडक्याने आम्ही थाळ्या पुसत होतो. व्हिडिओ खरा आहे. चूक आमची आहे, कामगारांची नाही. आम्ही माफी मागतो.

सोमवारपासून हॉटेल बंद आहे. त्या दिवसाचे सगळे पीठ, चटण्या आणि सांबार आम्ही फेकून दिले. झुरळे बाहेरून आली नव्हती. ती आमच्या फ्रिजच्या रबरात आणि वाटणयंत्राच्या खाली राहत होती. सोमवारी तिथे जेल लावले आणि बारा सापळे मांडले. पहिल्या रात्री ६१ झुरळे सापडली, काल रात्री ९. अंडी या औषधाने मरत नाहीत, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा जेल लावू आणि तेव्हाचा आकडा इथे लिहू. फटी सिमेंटने बुजवल्या आहेत.

आम्ही चौदा टेबलांना दोन फडकी देत होतो. आता साठ आहेत. थाळ्या फडक्याने पुसणे बंद केले आहे. अकरा कामगारांची वैद्यकीय तपासणी जुन्या दाखल्यांवर विसंबून न राहता काल नव्याने केली.

अन्न व औषध प्रशासनाची सुधारणा नोटीस आम्हांला आली आहे. ती गल्ल्यामागे लावली आहे. नोटिशीतली सर्व कामे पुरी होऊन सापळ्यांत सलग तीन रात्री एकही झुरळ आले नाही, की मगच हॉटेल उघडू. भटारखान्याला आता काचेचे दार आहे. हात धुवायला जाताना आत पाहावे.’

यात माझे स्वतःचे असे फक्त ‘विसंबून’ आणि ‘पाहावे’ हे दोन शब्द राहिले. ‘सदर’ एकदाही आले नाही. प्रसिद्ध करण्यापूर्वी मालकांनी मजकूर शेवटपर्यंत वाचला, बराच वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, “वडील असते तर?” कन्येने उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने तेच पुढे म्हणाले, “फडकी रोज उकळायचे ते. मीच बंद केलं. गॅस फार जातो म्हणून.” हे वाक्य मजकुरात घालू का, असे मी विचारले. ते नको म्हणाले, आणि मीही आग्रह केला नाही.

मजकुराखाली लोकांनी काय काय लिहिले ते सगळे इथे देण्यासारखे नाही. कोणी म्हणाले, आता तुमच्याकडे पाऊल ठेवणार नाही, आणि ते न्याय्य होते. एकाने विचारले, इतर ठिकाणचे आकडे कोण सांगणार? एका गृहस्थांनी केवळ ‘शुद्धलेखन उत्तम’ असा शेरा मारला. तो मी जपून ठेवला आहे. शेरे बंद करण्याची कळ कुठे असते, हे मालकांनी कन्येला तीन वेळा विचारले आणि तिन्ही वेळा तिला ती सापडली नाही.

मजकूर प्रसिद्ध झाल्यावर सतरा दिवसांनी उपाहारगृह उघडले. दुसऱ्या हप्त्यानंतर सापळ्यांत दोन झुरळे आली होती, आणि तो आकडा तिने ठरल्याप्रमाणे लिहिला. मग सलग तीन रात्री सापळे कोरे राहिले. त्या सकाळी चौदा टेबलांपैकी पाचच भरली होती. मी माझ्या नेहमीच्या बाकड्यावर बसलो, स्नेही समोर होते, सांबार आले, वाफ उठली, आणि माझा चष्मा नेहमीप्रमाणे धुकट झाला. पोऱ्या शेजारचे टेबल हिरव्या फडक्याने पुसत होता. मी सवयीने चष्मा काढून त्याच्यापुढे धरला.

त्याने चष्म्याकडे पाहिले, फडक्याकडे पाहिले, आणि हात मागे घेतला.

“काका,” तो म्हणाला, “हे टेबलाचं आहे.”